म्युच्युअल फंडाचे पैसे नऊ दिवस उशिरा: कारण विचारणे आणि १५ टक्के व्याज वसूल करणे (प्रकल्प नोंदी)

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

नवे प्रकरण. गुंतवणूकदार सांगलीच्या निवृत्त शिक्षिका, नोंदींत त्यांना बाई म्हटले आहे. फ्लेक्सी कॅप योजनेतून ८,४०,००० रुपये काढण्याची विनंती त्यांनी २१ ऑगस्टला फंडाच्या संकेतस्थळावरून दिली. युनिट वजा झाले, एसएमएस आला, पण बँकेत पैसे नाहीत. हेल्पलाइनवर दोनदा एकच उत्तर मिळाले: "तीन ते दहा कामकाजाचे दिवस लागतात."

हे उत्तर कालबाह्य आहे. दहा कामकाजाच्या दिवसांची मुदत जुनी. सेबीच्या २५ नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकाने ती तीन कामकाजाच्या दिवसांवर आणली आणि जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. ज्या योजनांचा किमान ८० टक्के पैसा परदेशात गुंतवलेला असतो, त्यांनाच पाच दिवस मिळतात. मुदत चुकली तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. ते कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचे असते, योजनेच्या पैशातून नाही, आणि मूळ रकमेबरोबरच द्यायचे असते. म्हणजे नियमाप्रमाणे गुंतवणूकदाराला ते मागावेच लागू नये. प्रत्यक्षात मागावे लागते, कारण पैसे अडकवणारी संगणक प्रणाली आपण उशीर करतो आहोत असे मानतच नाही. या प्रकरणात तेच झाले असावे असा आमचा अंदाज आहे.

पहिले काम मुदतीची तारीख पक्की करणे. त्यासाठी विनंतीची वेळ हवी. पुष्टीच्या ईमेलवर २१ ऑगस्ट, दुपारी २.४२ अशी नोंद आहे. रिडेम्प्शनचा, म्हणजे पैसे काढण्याच्या विनंतीचा, कट-ऑफ दुपारी ३ चा, त्यामुळे त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, लागली आणि खातेउताऱ्यातही २१ तारीखच दिसते. तिथून कामकाजाचे दिवस मोजायचे: २२ शुक्रवार, २५ सोमवार, २६ मंगळवार. शेवटचा दिवस २६ ऑगस्ट.

हीच विनंती ३.०५ ला गेली असती तर एनएव्ही २२ ची लागली असती आणि मोजणी २५, २६, २८ अशी झाली असती, कारण २७ ला गणेश चतुर्थीची सुट्टी होती, बाजार बंद होता. तेवीस मिनिटांच्या फरकाने मुदत दोन दिवस पुढे गेली असती. म्हणून वेळेचा पुरावा आधी, पत्र नंतर. एखाद्या ॲपमधून विनंती दिली असेल तर ॲपमध्ये बटण दाबल्याची वेळ धरू नये. ती फंडाकडे किंवा फंडाच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे पोहोचल्याची वेळ धरावी, आणि ती खातेउताऱ्यातल्या एनएव्हीच्या तारखेवरून ताडून पाहता येते.

आणखी एक गोष्ट बाईंना आजच सांगितली. शेअर योजनांचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी देण्याची पद्धत फंड उद्योगाने फेब्रुवारी २०२३ पासून स्वतःहून स्वीकारली आहे. शेजाऱ्याचे पैसे दोन दिवसांत आले म्हणून आपले व्याज तिसऱ्या दिवसापासून सुरू होत नाही. व्याजाचा हक्क तीन कामकाजाचे दिवस संपल्यावर, म्हणजे इथे २७ ऑगस्टपासून.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज एकच प्रश्न सोडवायचा होता: पैसे निघालेच नाहीत, की निघून परत गेले? बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण जबाबदारी वेगळी असते.

पैसे बँकेने परत पाठवले असतील तर कारण बहुतेक वेळा खात्याच्या तपशिलात असते. बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी, वापर नसल्याने निष्क्रिय झालेले खाते, किंवा खातेक्रमांकात एक आकडा चुकलेला. अशा वेळी फंड म्हणतो की आम्ही वेळेत पाठवले होते, आणि ते खरे असेल तर व्याजाचा दावा लंगडा पडतो. ओळखायची खूण यूटीआर, म्हणजे बँकेतून पैसे पाठवताना त्या व्यवहाराला मिळणारा क्रमांक. पैसे निघाले असतील तर तो असतोच. एनईएफटीचा १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. यूटीआर नाही तर पैसे निघाले नाहीत.

रजिस्ट्रारच्या सेवा केंद्रात बाईंच्या भाच्याने चौकशी केली. यूटीआर तयार झालेला नाही. पडद्यावर शेरा आहे की बँक बदलामुळे पेमेंट रोखले. तोंडी उत्तर असले तरी दिशा मिळाली.

बँक बदलल्यावर लगेच पैसे काढले तर ते काही काळ रोखण्याची मुभा फंडांना आहे, आणि ती योग्यही आहे. कोणी चोराने फोलिओत, म्हणजे फंडातल्या गुंतवणूक खात्यात, आपले बँक खाते घुसवून पैसे पळवू नयेत म्हणून ती ठेवली आहे. सेबीच्या परिपत्रकाच्या अनुषंगाने ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेने अपवादांची जी यादी केली, तीत हे कलम आहे: बँक बदलाची विनंती रिडेम्प्शनच्या आधी दोन आठवड्यांत किंवा रिडेम्प्शनबरोबरच आली असेल, तर रिडेम्प्शनच्या तारखेपासून आठ कामकाजाच्या दिवसांपर्यंत थांबता येते आणि त्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात पैसे द्यायचे असतात.

ही मोजणी करून पाहिली. २१ ऑगस्टनंतरचे कामकाजाचे दिवस २२, २५, २६, २८, २९, मग १, २ आणि ३ सप्टेंबर. आठवा दिवस ३ सप्टेंबर, त्यावर एक म्हणजे ४ सप्टेंबर. अंदाज बरोबर असेल तर गुरुवारी कोणी काही न करता पैसे जमा होतील. तसे झाले तर तो आपल्या बाजूचा पुरावा ठरेल, कारण बँकेच्या अडचणीने किंवा माणसाच्या विसरण्याने अडकलेले पैसे असे दिवस मोजून सुटत नाहीत.

३ सप्टेंबर, बुधवार

बाईंच्या फायलीतून बँक बदलाच्या अर्जाची पोचपावती मिळाली. अर्ज सेवा केंद्राच्या खिडकीवर दिला होता, सोबत नव्या बँकेचा नाव छापलेला रद्द केलेला चेक आणि जुन्या बँकेचे स्टेटमेंट. पोचपावतीवर यंत्राचा शिक्का आहे, त्यात अनुक्रमांक, तारीख आणि वेळ. तारीख ३० जुलै २०२५.

३० जुलै ते २१ ऑगस्ट म्हणजे २२ दिवस. दोन आठवड्यांची मर्यादा आठ दिवसांनी मागे पडलेली. अपवाद लागूच होत नाही.

मग प्रणालीने पैसे का रोखले? याचे उत्तर खातेउताऱ्यात आहे. त्यात बँक बदलाची नोंद ११ ऑगस्टची दिसते. अर्ज ३० जुलैला आला, कागदपत्रांची छाननी होऊन बदल ११ ऑगस्टला चढला. ११ ते २१ ऑगस्ट हे दहाच दिवस, म्हणजे चौदाच्या आत. प्रणाली अर्ज मिळाल्याच्या तारखेऐवजी बदल चढल्याच्या तारखेपासून मोजते आहे. कलमात मात्र विनंती कधी मिळाली हे धरले आहे. छाननीला लागलेले बारा दिवस कंपनीच्या बाजूचे, त्यांचा भार गुंतवणूकदारावर टाकता येत नाही.

संपूर्ण प्रकरण या एका तारखेवर उभे आहे. पोचपावती हरवली असती तर अर्ज मिळाल्याचा एसएमएस किंवा ईमेल शोधावा लागला असता. तोही नसता तर कंपनीकडे अर्जाच्या स्कॅन प्रतीची मागणी करावी लागली असती, कारण शिक्का त्या प्रतीवरही उमटलेला असतो.

आज ईमेल पाठवले. हेल्पलाइनच्या पत्त्यावर न पाठवता कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसरला पाठवले आणि प्रत रजिस्ट्रारला दिली. या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क योजनेच्या माहितीपत्रकात आणि संकेतस्थळावर छापणे फंडाला बंधनकारक असते. मजकूर असा:

"फोलिओतून ८,४०,००० रुपयांच्या रिडेम्प्शनची विनंती २१ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी २.४२ वाजता आपल्याला मिळाली असून त्याच दिवसाची एनएव्ही लागली आहे. सेबीच्या २५ नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार पैसे २६ ऑगस्टपर्यंत देणे आवश्यक होते. ते आजपर्यंत मिळालेले नाहीत. पेमेंटची सूचना बँकेला कोणत्या तारखेला दिली, यूटीआर काय, आणि पेमेंट रोखले असल्यास ॲम्फीच्या यादीतील कोणत्या अपवादाखाली, हे लेखी कळवावे. बँक बदलाची विनंती आपल्याला ३० जुलै रोजी मिळाली असून पोचपावती जोडली आहे. रक्कम आणि २७ ऑगस्टपासून प्रत्यक्ष जमा होण्याच्या तारखेपर्यंत वार्षिक १५ टक्के दराने व्याज माझ्या नोंदणीकृत खात्यात जमा करावे आणि व्याजाचा हिशोब सोबत पाठवावा."

जोडपत्रे तीन: विनंतीची पुष्टी, पोचपावती, खातेउतारा. पासबुकाचे पान पैसे आल्यावर जोडू.

बाईंना पत्रात आणखी दोन गोष्टी घालायच्या होत्या. पैसे वेळेत मिळाले असते तर त्या मुदत ठेव करणार होत्या, तिचे व्याज बुडाले. दुसरे, मधल्या काळात बाजार हलला. दोन्ही गोष्टी बाहेर ठेवल्या. १५ टक्के दर हीच उशिराची ठरलेली भरपाई आहे आणि ती कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा जास्त आहे. ठेवीचे व्याज वेगळे मागितले की कंपनीला "काल्पनिक नुकसान" असे म्हणून संपूर्ण पत्र बाजूला सारायला वाव मिळतो. बाजाराचा तर इथे संबंधच नाही. एनएव्ही २१ ऑगस्टला पक्की झाली, नंतर बाजार वर गेला काय किंवा खाली आला काय, देय रक्कम तीच. उशिरामुळे गृहकर्जाचा दंड बसणे यासारखे सिद्ध करता येणारे नुकसान असेल तर तो स्वतंत्र दावा करावा, या पत्रात मिसळू नये.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी पैसे आले. मोजून ठेवलेल्याच दिवशी.

जमा रक्कम ८,३९,९९१.६० रुपये. ८.४० रुपयांचा फरक एसटीटीचा, म्हणजे रोखे व्यवहार कराचा आहे. शेअर योजनेचे युनिट विकताना ०.००१ टक्के कर कापला जातो, ते बरोबर आहे. एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचे शुल्क, नव्हता. व्याज एक पैसाही नाही.

व्याज हातात पडायला हव्या होत्या त्या रकमेवर काढायचे, म्हणून पाया ८,४०,००० ऐवजी ८,३९,९९१.६० धरला. पैशांत नगण्य फरक पडतो, पण हिशोब कंपनीच्या आकड्याशी जुळला तर वादाचा एक मुद्दा कमी होतो. उशीर २७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून ९ दिवस.

```
८,३९,९९१.६० × १५ ÷ १०० × ९ ÷ ३६५ = ३,१०६.८२
```

दिवसाला साधारण ३४५ रुपये. पासबुकाचे पान आणि हा हिशोब जोडून त्याच ईमेल साखळीत दुसरे पत्र पाठवले. नवी साखळी सुरू केली नाही, म्हणजे पहिल्या मागणीची तारीख कायम राहते.

१५ सप्टेंबर, सोमवार

लेखी उत्तर आले. सार असे की बँक खात्यात अलीकडे बदल झाल्याने सुरक्षिततेसाठी कूलिंग ऑफ, म्हणजे पैसे रोखून ठेवण्याचा काळ, लागू केला, पेमेंट त्या मुदतीत झाले, त्यामुळे व्याज देय नाही. बँक बदलाची तारीख म्हणून ११ ऑगस्ट लिहिली आहे. पोचपावतीचा उल्लेख कुठेच नाही.

हे उत्तर आपल्याला उपयोगाचे आहे. रोखण्याचे कारण आणि कंपनीने धरलेली तारीख, दोन्ही आता लेखी आहेत. आता बँकेने परत पाठवले किंवा सुट्टी होती असे दुसरे कारण पुढे करणे कठीण. सुट्टीचा अपवाद तसाही लागला नसता. बाजार सुरू आणि बँका बंद अशा दिवसांसाठी तो आहे. २७ ऑगस्टला मुंबईत दोन्ही बंद होते, आणि मुदत त्याच्या आदल्या दिवशीच संपली होती.

आजच उलट पत्र. त्यात एकच मुद्दा आणि चार वाक्ये. अपवादाचे कलम विनंती मिळाल्याच्या तारखेवर आहे. विनंती ३० जुलैला मिळाली, पोचपावतीवर आपलाच शिक्का आहे. ३० जुलै ते २१ ऑगस्ट २२ दिवस होतात. म्हणून अपवाद लागू नाही आणि ३,१०६.८२ रुपये देय आहेत. लांब पत्राला लांब उत्तर येते आणि मुद्दा त्यात बुडतो, हा या कामातला पक्का अनुभव आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

बाईंच्या खात्यात २,०७१.२१ रुपये जमा झाले. सोबत ईमेल: "विशेष बाब म्हणून विलंबाचे व्याज अदा केले आहे." हिशोब दिलेला नाही.

आकडा उलटा सोडवला. ८,३९,९९१.६० वर १५ टक्क्यांनी बरोबर सहा दिवसांचे व्याज २,०७१.२१ होते. सहा दिवस कुठून आले? २६ ऑगस्टनंतर ४ सप्टेंबरपर्यंत कामकाजाचे दिवस मोजले तर २८, २९, १, २, ३, ४ असे सहा येतात. गणेश चतुर्थी आणि शनिवार-रविवार वगळले आहेत.

ही गल्लत वारंवार दिसते आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कामकाजाचे दिवस मुदत ठरवण्यासाठी आहेत. मुदत एकदा संपली की पुढचा सगळा काळ उशिराचा, त्यात रविवारही येतो. वार्षिक दर वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरलेला असतो आणि त्या ३६५ मध्ये सगळे रविवार आणि सण धरलेले असतात. वर सुट्ट्या वगळून सहा दिवस घ्यायचे आणि खाली भागाकार मात्र ३६५ ने करायचा, तर दर १५ टक्के राहत नाही. नऊ दिवसांच्या काळावर तो १० टक्के होतो.

बाईंचे म्हणणे होते की मिळाले तेवढे पुरे. तो त्यांचा निर्णय. पण "विशेष बाब" हे शब्द तसेच राहू देणे आम्हाला मान्य नव्हते. कंपनीने चूक मान्य न करता उपकार म्हणून रक्कम दिली असे त्यातून नोंदले जाते. उशिरावर दिलेल्या व्याजाचा तपशील कंपनीला अनुपालन अहवालात सेबीला कळवावा लागतो, आणि उपकाराच्या खात्यात टाकलेली रक्कम तिथे पोहोचेल याची खात्री नाही. ११ ऑगस्ट धरणारी प्रणालीही तशीच राहते, आणि पुढच्या माणसाचे पैसे तसेच अडकतात. हे सांगितल्यावर बाई उरलेल्या १,०३५.६१ रुपयांसाठी पुढे जायला तयार झाल्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

उरलेल्या रकमेच्या पत्राला उत्तर नाही. सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर (scores.sebi.gov.in) तक्रार नोंदवली. पॅन आणि मोबाइल देऊन नोंदणी करावी लागते. तक्रार कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत करायची असते. आधी कंपनीकडे दाद मागितली असल्याचा पुरावा म्हणून संपूर्ण ईमेल साखळी एकाच पीडीएफमध्ये जोडली.

मजकुरात दोन मागण्या. एक, २७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या ९ दिवसांचे व्याज पूर्ण करण्यासाठी १,०३५.६१ रुपये. दोन, दिलेली व उरलेली रक्कम विलंबाचे व्याज म्हणून नोंदवल्याचे लेखी पत्र, हिशोबासह. राग, हेल्पलाइनवरचे बोलणे, मनस्ताप यातले काहीही घातले नाही. समोर तारखा आणि आकडे एवढेच असले की उत्तरही तारखा आणि आकड्यांत द्यावे लागते.

कंपनीला उत्तर द्यायला २१ दिवस असतात, शनिवार-रविवार धरून. म्हणजे २१ ऑक्टोबर, ऐन लक्ष्मीपूजन. उत्तर पटले नाही तर १५ दिवसांच्या आत पुनरावलोकन मागता येते. पहिले पुनरावलोकन नियुक्त संस्थेकडून, म्हणजे फंडांच्या बाबतीत ॲम्फीकडून, आणि दुसरे खुद्द सेबीकडून होते. ही १५ दिवसांची खिडकी चुकली की तक्रार निकाली धरली जाते, म्हणून बाईंच्या कॅलेंडरवर तारीख लिहायला सांगितली. त्यापुढचा रस्ता स्मार्ट ओडीआरचा (smartodr.in). तिथे आधी ऑनलाइन समेट आणि तो फसला तर लवाद. हजार रुपयांच्या वादासाठी लवाद परवडत नाही, पण समेटापर्यंत जाणे शक्य आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

स्कोअर्सवर कंपनीचे उत्तर आले. १,०३५.६१ रुपये जमा केल्याचे म्हटले आहे आणि पासबुकात तशी नोंद आहे. जोडलेल्या पत्रात ३,१०६.८२ ही एकूण रक्कम "रिडेम्प्शनच्या विलंबाचे व्याज, ९ दिवस" अशी दाखवली आहे. बँक बदलाची विनंती मिळाल्याची तारीख ३० जुलै असल्याचेही त्यात मान्य केले आहे. प्रणालीत बदल करणार की नाही याबद्दल पत्र गप्प आहे. तो प्रश्न वैयक्तिक तक्रारीत सुटत नाही.

प्राप्तिकर विवरणपत्रासाठी बाईंना दोन सूचना लिहून दिल्या. हे ३,१०६.८२ रुपये भांडवली नफ्यात मिळवायचे नाहीत. ते इतर स्रोतांतील उत्पन्न म्हणून दाखवायचे, आणि कंपनीने त्यावर टीडीएस कापला आहे का हे २६एएसमध्ये पाहायचे. युनिट विकल्याची तारीख २१ ऑगस्टच धरायची, पैसे ४ सप्टेंबरला आले तरी. धारणकाळ आणि नफा त्याच तारखेवर ठरतात.

तक्रारीवर समाधान झाल्याची नोंद केली. पोचपावतीची मूळ प्रत बाईंकडे परत दिली, स्कॅन फायलीत ठेवला.